ऐकलंस का ते गाणं?

दसरा उलटला की आमच्या घरी दोन गोष्टी ठरल्याप्रमाणे येतात. एक चकलीची भाजणी आणि दुसरी माझी भाची. भाजणी गिरणीतून येते, भाची पुण्याहून येते. दोघींच्या येण्याने घराला दिवाळीचा वास येऊ लागतो. गेल्या वर्षी मात्र भाची आली ती जराशी गप्प होती. मामीच्या हाताखाली तिने दोन घाणे तळले, त्यातला एक करपवला, आणि मग पदर नसूनही पदराला हात पुसल्यासारखे करीत ती माझ्या खुर्चीपाशी येऊन बसली.

"मामा, एक विचारू? हसणार नसशील तर."

मी चष्मा काढून ठेवला. माणूस असे विचारतो तेव्हा ते हसण्यासारखे नसते, एवढे मला या वयात कळते.

प्रकार असा होता. तिच्या ऑफिसात एक मुलगा आहे. शेजारच्याच मेजावर बसतो. हा मुलगा तिला फोनवर सारखे काही ना काही सुचवीत असतो. आज एक गाणे, परवा एक सिनेमा, मध्येच एखादे पुस्तक. 'ऐकलंस का?', 'हे बघच', 'तुला आवडेल.' बाकी काही नाही. ना कधी वेडेवाकडे बोलला, ना कधी गोडगोड बोलला. आणि आता ऑफिसातल्या मैत्रिणी तिला चिडवू लागल्या होत्या.

"म्हणजे याचा अर्थ काय, मामा? त्याला काही म्हणायचंय, की तो नुसताच चांगला आहे?"

वाचकहो, हा प्रश्न मला नवीन नव्हता. मी स्वतःच तो एकदा सोडवायला घेतला होता आणि सपशेल नापास झालो होतो. पण ते मागाहून सांगतो. मी आयुष्यभर बँकेत खातेवह्या लिहिल्या. तेव्हा मला जे येते तेच मी केले. तिला म्हटले, "कागद-पेन्सिल आण. गेल्या तीन महिन्यांत त्याने काय काय पाठवलं ते सगळं लिहून काढू."

फोनमध्ये सारे जपलेले असते, ही एक सोय. अर्ध्या तासात यादी झाली. एकूण ४१ नोंदी. त्यात २७ गाणी, ८ सिनेमे आणि ६ पुस्तके.

"आता यातली प्रेमाची गाणी किती?" मी विचारले.

तिने मोजली. एकवीस. आणि तिचे कान लाल झाले.

इथेच पहिली चूक होते. सत्तावीसांत एकवीस प्रेमगीते म्हणजे मोठा पुरावा वाटतो. पण जरा विचार करा. आपल्या हिंदी सिनेमाच्या गाण्यांतून प्रेमाची गाणी वगळली तर मागे उरते काय? दोन भजने, एक अंगाई, एक देशभक्तीचे आणि एक दारूच्या गुत्त्यातले. कोणीही डोळे मिटून सिनेमाची सत्तावीस गाणी उचलली तर त्यात वीसेक प्रेमाची निघायचीच. वाण्याने पाठवलेल्या सामानात तांदूळ निघाले म्हणून कोणी वाण्याला आपल्या घरच्या सत्यनारायणाची आच आहे असे म्हणत नाही. गाणे प्रेमाचे आहे यावरून पाठवणाऱ्याच्या मनातले काहीच कळत नाही. जे सगळेच करतात त्यावरून एकाचे मन ओळखता येत नसते.

म्हणून मी दुसरा रकाना आखला. 'हेच आणखी कोणाला पाठवले?' तिच्या ऑफिसातल्या सात-आठ जणांचे फोनवर एक टोळके आहे. त्यात शोधले तर ४१ पैकी ३५ गोष्टी या पठ्ठ्याने तिथेही टाकल्या होत्या! म्हणजे हा हळदीकुंकवाचा वाणसा होता. जी येईल तिच्या ओटीत. काही माणसे अशी असतातच. त्यांना एखादी गोष्ट आवडली की ती दुसऱ्याला दिल्याखेरीज त्यांचे आवडणे पुरे होत नाही. आमच्या चाळीत असा एकजण होता. कॅसेटच्या दिवसांतली गोष्ट. साठ मिनिटांची कॅसेट, एका बाजूला तीस मिनिटे, म्हणजे आठेक गाणी. ती भरायची तर प्रत्येक गाणे पुरे वाजेपर्यंत यंत्राशेजारी बसावे लागे. भरून झाले की कॅसेटच्या पाठीवरच्या दोन इवल्याशा प्लॅस्टिकच्या पट्ट्या मोडायच्या, म्हणजे चुकून कोणी तिच्यावर दुसरे काही भरू शकत नाही. एवढा खटाटोप करून हा बहाद्दर साऱ्या चाळीला कॅसेटी वाटायचा. दोन मुलींनी त्याचा भलता अर्थ घेतला. त्याचे प्रेम होते ते त्या यंत्रावर.

"मग उरल्या सहा," भाची म्हणाली. आवाज थोडा खाली गेला होता तो माझ्या लक्षात आला.

सहा उरल्या, आणि या सहा मात्र वेगळ्या होत्या. चार गाणी, एक सिनेमा, एक पुस्तक. त्या सहांपुढे मी तिसरा रकाना आखला. 'हे पाठवण्याच्या आधी तू काय बोलली होतीस?' तिने आठवून आठवून सांगितले. आजी जात्यावर ओव्या म्हणायची, असे ती एकदा चहाच्या वेळी बोलली होती. दोन दिवसांनी त्याने कुठून तरी जात्यावरच्या ओव्यांचे ध्वनिमुद्रण शोधून पाठवले. रात्रीच्या गाडीने नागपूरला जायचे आहे, झोप येत नाही, असे म्हणाली होती. त्याने एका रात्रीत संपेल असे पुस्तक सुचवले आणि वर बजावले, की शेवटचे प्रकरण अकोला गेल्यावर वाच. सहाच्या सहा नोंदी तिच्या कुठल्या ना कुठल्या बोलण्याला शिवलेल्या निघाल्या. वाणसा निराळा आणि मापाचे पोलके निराळे. हे पोलके होते.

"म्हणजे?" तिने विचारले.

"म्हणजे एवढंच, की तो तुझं बोलणं नीट ऐकतो."

"एवढंच?"

त्या 'एवढंच?'मध्ये जे होते ते ऐकून मला माझी गोष्ट सांगणे भाग पडले. ही गोष्ट मी हिच्याखेरीज कोणाला सांगितली नव्हती.

१९७९ सालची गोष्ट. मी पंचविशीत होतो, नोकरीला लागून दोन वर्षे झालेली. माझ्या पलीकडच्या मेजावर एक बाई होत्या. बाई कसल्या, माझ्याच वयाची मुलगी. पण कचेरीत आम्ही एकमेकांना अहो-जाहो करीत असू. त्यांना वाचनाचे वेड. एका वाचनालयाच्या त्या सभासद होत्या. एकदा डबा खाताना माझ्या तोंडून 'बनगरवाडी'चे नाव गेले, आणि तेव्हापासून त्या मला पुस्तके देऊ लागल्या. आपण वाचून झाले की परत करायच्या आधी तीन-चार दिवस माझ्या मेजावर ठेवायच्या. 'हे बघा, तुम्हांला आवडेल.' मी वाचून परत दिले की त्यावर जेवणाच्या सुट्टीत वाद. आठ-नऊ महिने असे चालले होते. इतके सुखाचे महिने मला नोकरीत पुन्हा मिळाले नाहीत.

मग एक दिवस त्यांनी मला पु. शि. रेग्यांची 'सावित्री' दिली. ज्यांनी ती वाचली आहे त्यांना ठाऊक आहे, की ती सबंध कादंबरी पत्रांची आहे आणि पत्रे आहेत एका स्त्रीने एका पुरुषाला लिहिलेली. मी रात्री वाचायला घेतली, आणि पाहतो तो काय, आतल्या काही वाक्यांखाली पेन्सिलीने बारीक रेघा मारलेल्या! नेमक्या त्याच वाक्यांखाली, जी कोणीही कोणाला लिहावीत. मला रात्रभर झोप आली नाही. वाटले, तोंडाने बोलायचा संकोच, म्हणून रेघांनी बोलल्या. मी पहाटे उठून चार पानी पत्र लिहिले. पुस्तकात घातले. पुस्तक त्यांच्या मेजावर ठेवले.

दुसऱ्या दिवशी पत्र माझ्या टपात परत आलेले होते. जेवणाच्या सुट्टीत त्या शांतपणे म्हणाल्या, "त्या रेघा माझ्या नाहीत. पुस्तक वाचनालयाचं आहे."

एवढेच. पुस्तकाच्या मागच्या पानावर वाचनालयाची तारखांची चिठ्ठी डकवलेली होती. माझ्या आधी वीस-पंचवीस माणसांच्या हातांतून ते पुस्तक गेले होते. त्यांतल्या कोणा अनोळखी जिवाने त्या रेघा मारल्या होत्या, आणि मी त्यांना उत्तर लिहून बसलो होतो. चिठ्ठी उलटून पाहायला मला एक क्षण पुरला असता. पण ज्याला हवे ते दिसत असते तो चिठ्ठ्या उलटून पाहत नाही.

त्यांनी कोणाकडे तक्रार केली नाही, की कोणाला सांगितले नाही. फक्त माझ्या मेजावर पुस्तक येणे बंद झाले. पुढे दोन वर्षे आम्ही शेजारी बसलो. 'शाई आहे का?' आणि 'साहेब आले का?' यापलीकडे बोललो नाही. मग त्यांची बदली झाली.

या माझ्या मूर्खपणाला पुढे एक नाव आहे असे मला वाचनात आढळले. अमेरिकेत अँटोनिया ॲबी म्हणून एक मानसशास्त्रज्ञ बाई आहेत. त्यांनी १९८२ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. एक अनोळखी तरुण आणि एक अनोळखी तरुणी यांना पाच मिनिटे गप्पा मारायला बसवले, आणि दुसरा एक तरुण व दुसरी एक तरुणी यांनी ते आडून पाहिले. मग चौघांना विचारले, ती मुलगी तुम्हांला कशी वाटली? गप्पा एकच, पाच मिनिटे तीच. पण बोलणाऱ्या आणि पाहणाऱ्या पुरुषांना त्या मुलीच्या वागण्यात जेवढे सूचक काही दिसले, तेवढे बायकांना दिसले नाही. साध्या मोकळेपणात निमंत्रण पाहण्याकडे पुरुषांचा कल असतो, असा त्याचा अर्थ. सगळेच पुरुष आणि दर वेळी असे करतात असे मुळीच नाही. पण मी केले होते, हे मला मान्य करावे लागले.

आणि आवडी जुळण्याचेही तसेच आहे. डॉन बर्न नावाच्या दुसऱ्या एका अमेरिकन गृहस्थांनी १९६१ साली दाखवून दिले, की ज्याची मते आपल्याशी जुळतात तो माणूस आपल्याला न पाहताच आवडू लागतो. त्यांनी विद्यार्थ्यांना एका परक्या माणसाने भरलेली म्हणून एक प्रश्नावली दाखवली. खरे म्हणजे तो माणूस नव्हताच, प्रश्नावली त्यांनीच भरली होती. काहींना आपल्याशी जुळणारी उत्तरे दाखवली, काहींना उलटी. जुळणारा 'माणूस' फारच आवडला. मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवायची. आवडण्याविषयी विचारले काय होते? हा माणूस तुम्हांला आवडेल का, आणि याच्याबरोबर काम करायला आवडेल का. बस्स. याच्यासाठी तुमची झोप उडेल का, असे कोणी विचारले नव्हते. जुळत्या आवडीतून लोभ उपजतो हे खरे. पण तो लोभ शेजारच्या मेजाचा आहे की जन्माचा, ते आवड सांगत नाही.

भाची ऐकत होती. मग तिने खरा प्रश्न विचारला. "मग ओळखायचं कसं?"

"खुणा आहेत," मी म्हटले, "पण त्या कुठपर्यंत नेतात तेही पाहा." आणि आम्ही पुन्हा यादीकडे वळलो.

पहिली खूण, पाठवल्यानंतर तो काय करतो? काहीजण 'ऐकलंस का? ऐकलंस का?' म्हणून पिच्छा पुरवतात. त्यांना आपल्या आवडीची पावती हवी असते, माणूस नको असतो. हा तसा नव्हता. तिने ऐकले नाही तर आठवण करीत नसे, आणि ऐकले तर काय वाटले ते विचारी.

दुसरी खूण, वाहतूक दोन्ही बाजूंनी आहे का? तिने सुचवलेले तो घेतो का? तिने दोन नाट्यगीते पाठवली होती. त्याने ती ऐकली होती आणि एक मुळीच आवडले नाही असे कळवले होते. ही मला फार चांगली खूण वाटली. जो खुशामत करायला निघालेला असतो त्याला सारेच आवडते. 'नाही आवडलं' असे जो मोकळेपणी सांगतो त्याच्या 'आवडलं'ला किंमत असते.

तिसरी खूण, गाण्यातून पाऊल बाहेर पडते का? 'हा सिनेमा बघ' आणि 'हा सिनेमा शनिवारी बघू' यांत एका शब्दाचा आणि एका उकाराचा फरक आहे, पण तोच सगळा फरक आहे. डान्टेच्या काव्यात फ्रान्चेस्का नरकात भेटते आणि आपल्या प्रेमाचा दोष एका पुस्तकाला देते. पण ते पुस्तक कोणी तिला सुचवले नव्हते. ते दोघे एका जागी बसून, एकाच पानावर, वाचत होते. या मुलाने तीन महिन्यांत एकदाही वार आणि वेळ सांगितली नव्हती.

"म्हणजे नाहीच," ती म्हणाली.

"म्हणजे कळत नाही. लाजराही असेल. अगं, या सगळ्या खुणांवरून एवढं नक्की झालं, की तो तुझ्याकडे लक्ष देतो. पण लक्ष कसलं, ते खुणा सांगत नाहीत. मित्रही असंच लक्ष देतो. कोणाचं बोलणं ध्यानात ठेवणं ही काही प्रेमाची मक्तेदारी नव्हे." आणि मग मी जरा भीतभीत विचारले, "त्याच्या मनातलं राहू दे. तुझ्या मनात काय आहे?"

ती बोलली नाही. कागदाची घडी घालत राहिली. आतून चकल्यांचा चुरचुर आवाज येत होता. मला उत्तर मिळाले.

"मग विचार त्याला," मी म्हटले. "पण माझ्यासारखी चार पानं लिहू नकोस. प्रश्न लहान विचार. इतका लहान, की 'नाही' म्हणायला त्याला दार उघडं राहील आणि 'नाही' ऐकून तुलाही शेजारी बसता येईल. माझी चूक विचारण्यात नव्हती. चार पानांना 'होय' किंवा 'नाही' याशिवाय उत्तर नसतं, आणि 'नाही' म्हटल्यावर पुस्तक द्यायला जागाच उरत नाही."

आतून हिचा आवाज आला, "आणि पेन्सिलीच्या रेघा कोणाच्या ते आधी बघ म्हणावं!" तेव्हा मला कळले की स्वयंपाकघरातून सारे ऐकू येते.

भाऊबीज उरकून भाची पुण्याला गेली. आठवड्याने तिचा फोन आला. तिने लिहिले होते, 'शनिवारी संध्याकाळी सिनेमाची तिकिटं काढतेय. येतोस का? नाही जमलं तरी चालेल.' त्याचे उत्तर दहा मिनिटांत आले. 'येतो. माझ्या मैत्रिणीला आणलं तर चालेल ना? आमचं ठरतंय. तुझ्याबद्दल तिला इतकं सांगितलंय की ती कधीची भेटू म्हणतेय.'

फोनवर ती हे हसत सांगत होती. हसणे जरा उशिरा येत होते. मी गप्प राहिलो. मग म्हणाली, "मामा, तिकिटं तीन काढली."

"बरं केलंस."

"सोमवारी त्याने परत एक पुस्तक सुचवलं. मी वाचतेय." थोडे थांबून म्हणाली, "थोडं वाईट वाटलं रे. पण पुस्तक चांगलं आहे."

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ बसून राहिलो. त्या पलीकडच्या मेजावरच्या बाई मला पुढे एकदा भेटल्या होत्या, १९९८ साली, एका पुस्तक प्रदर्शनात. दोघांचेही केस पांढरे होऊ लागले होते. मी धीर करून म्हटले, "तेव्हा मी फार चुकलो." त्या हसल्या. म्हणाल्या, "मला राग पत्राचा नव्हता आला. राग याचा, की आठ महिने आपण जे बोललो ते सगळं तुम्हांला त्या एका पत्राची तयारी वाटलं. मला ते बोलणंच हवं होतं." आणि मग, पुस्तक चाळत, सहज म्हणाव्या तसे म्हणाल्या, "त्यानंतर मी कचेरीत कुणाला पुस्तक दिलं नाही."

माझ्या चार पानांचा खर्च माझ्या एकट्याच्या खात्यावर पडला असे मी एकोणीस वर्षे समजत होतो. तो त्यांच्याही खात्यावर पडला होता, आणि त्यांच्या मेजावरून ज्यांना पुस्तके मिळायची राहून गेली त्या साऱ्यांच्या खात्यावरही.

आता राहता राहिली ही. आमचे लग्न १९८२ साली रीतसर दाखवून झाले. हिला नाट्यसंगीत आवडते, मला गझल. मी सुचवलेले एकही पुस्तक हिने शेवटपर्यंत वाचलेले नाही, आणि हिच्या आवडीच्या सिनेमांत मी बिनचूक झोपतो. या सदराचा कागद पुढे ओढून मी लिहीत बसलो होतो तेव्हा ही चहा घेऊन आली आणि खांद्यावरून वाचू लागली.

"बनगरवाडी कुठं ठेवलीय तुम्ही?" ती म्हणाली.

"का?"

"वाचते म्हणते. पाहू तरी, एवढं काय आहे त्यात!"

मी कपाटातून काढून दिली. देण्याआधी सारी पाने उलटून पाहिली. पेन्सिलीची रेघ कुठेही नाही.